वर्षभर बंद राहणारी मोटर: हीटर, शाफ्ट आणि बेअरिंग कशी सांभाळायची

दोन जुळ्या मोटरी होत्या. ४०० किलोवॅट, ६.६ केव्ही, चार पोल, प्रत्येकी साधारण साडेतीन टन. मे महिन्यात त्या रायगड जिल्ह्यातल्या, समुद्राजवळच्या आमच्या साइटवर उतरल्या आणि फाउंडेशनच तयार नसल्यामुळे चौदा महिने स्टोअरच्या शेडमध्ये पडून राहिल्या. पहिली चालू केली तेव्हा बेअरिंगचा आवाज जवळजवळ आलाच नाही. दुसरी सुरू होताच आमचे जुने फिटर काका कानाला लावलेला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून म्हणाले, "साहेब, आत चणे भाजतायत."

ड्राइव्ह एंडचं, म्हणजे यंत्राला जोडल्या जाणाऱ्या टोकाचं, रोलर बेअरिंग उघडलं. बाहेरच्या रिंगवर खालच्या बाजूला आडव्या, तांबूस-तपकिरी रेघा होत्या आणि दोन रेघांतलं अंतर बरोबर दोन रोलरांमधल्या अंतराइतकं. मोटर एक मिनिटही लोडवर चाललेली नव्हती. बेअरिंग उभ्या-उभ्या खराब झालं होतं.

दोन्ही मोटरींत फरक काय होता, हे शोधताना जे कळलं त्यावरून मी पुढची पद्धत बसवली. इथे ग्रीसवर चालणारी बॉल किंवा रोलर बेअरिंग असलेली, आडवी बसणारी मोटर धरली आहे. स्लीव्ह बेअरिंगचं, म्हणजे बॉल-रोलरशिवाय तेलावर चालणाऱ्या बेअरिंगचं, वेगळं थोडं शेवटी येईल.

ट्रेलरवर चढण्याआधी: शाफ्टचं लॉकिंग

मोटर थांबलेली असते तेव्हा रोटरचं सगळं वजन खालच्या दोन-तीन रोलरांवर असतं. ट्रेलर खड्ड्यांतून जातो तेव्हा रोटर आतल्या आत बारीक-बारीक थरथरतो. रोलर फिरत नाही, जागच्या जागी काही मायक्रॉन घासतो. त्याच्याखालचं तेल बाजूला ढकललं जातं, लोखंडाला लोखंड लागतं, बारीक भुकटी निघते आणि ती गंजते. तांबूस रंग त्या गंजलेल्या भुकटीचा. याला फॉल्स ब्रिनेलिंग म्हणतात. खऱ्या ब्रिनेलिंगमध्ये एकाच दणक्याने खड्डा पडतो. मोटर क्रेनवरून आपटली, तर तो प्रकार.

म्हणून उत्पादक ड्राइव्ह एंडला लॉकिंग प्लेट देतो. ती एंड शील्डवर बोल्टने बसते आणि तिच्यातला मधला बोल्ट शाफ्टच्या टोकाच्या आटेदार भोकात जाऊन शाफ्टला लांबीच्या दिशेने ओढून धरतो. त्यामुळे नॉन-ड्राइव्ह एंडच्या बॉल बेअरिंगमधले बॉल एका बाजूला टेकतात आणि त्यांचा खेळ संपतो. मात्र आमच्या मोटरीसारखं ड्राइव्ह एंडला एनयू प्रकारचं रोलर बेअरिंग असेल, तर नुसत्या या ओढीने त्याला आधार मिळत नाही, कारण त्या बेअरिंगमध्ये शाफ्ट आत-बाहेर सरकायला मोकळा असतो. तिथे शाफ्टला चहूबाजूंनी धरणारी कॉलर किंवा पाचर लागते. लॉक बसवताना दोन्ही दिशांनी पकड आहे का, ते बघा.

बोल्ट किती आवळायचा, ते प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं आणि टॉर्क रेंच घेऊनच आवळायचा. "चांगला घट्ट केलाय साहेब" हे वाक्य ऐकलं की मी सैल करून परत आवळायला लावतो. जास्त आवळला तर बॉलचे खड्डे रिंगवर उमटतात, म्हणजे रस्त्यातले खड्डे टाळायला जाऊन आपणच पाडायचे.

लॉकची प्लेट, बोल्ट आणि मॅन्युअल मोटर चालू होईपर्यंत फेकायची नाही. स्टोअरपासून फाउंडेशनपर्यंत हायड्रावर नेताना लोक हमखास म्हणतात, "इथल्या इथे तर न्यायची आहे." साइटमधला कच्चा रस्ता महामार्गापेक्षा वाईट असतो. तेवढ्या अंतरालाही लॉक लावा. बांधताना साखळी पायांवरून किंवा बॉडीच्या ठरलेल्या जागांवरून घ्यायची, शाफ्टवरून कधीच नाही.

उतरवल्यावर: कुठे ठेवायची

छप्पर, पक्की जमीन आणि जमिनीपासून वीतभर उंच लाकडी स्लीपर एवढं सगळ्यांना सुचतं. सुचत नाही ती गोष्ट शेजाऱ्याची. आमची दुसरी मोटर ज्या भिंतीला टेकून होती, तिच्या पलीकडे बांधकामाचा एअर कॉम्प्रेसर दिवसभर चालायचा. ट्रेलरने दोन दिवसांत जे केलं असतं, ते त्या कॉम्प्रेसरने चौदा महिन्यांत निवांतपणे केलं.

तपासायला व्हायब्रेशन पेन पुरतं. बंद मोटरच्या बेअरिंग हाऊसिंगवर ते टेकवा आणि आजूबाजूची सगळी यंत्रं चालू असताना रीडिंग घ्या. काही उत्पादक साठवणुकीसाठी ०.२ मिलिमीटर प्रति सेकंद आरएमएस इतकीच मर्यादा देतात. पेनवर ०.५ किंवा त्याहून जास्त दिसलं तर मी जागा बदलतो. जागा नसेल तर पायांखाली जाड रबर पॅड घालतो, पण ते दुय्यम. मोटर हलवणं हाच खरा उपाय.

शाफ्टच्या उघड्या भागावर कारखान्यातून येणारा गंजरोधक लेप असतो. तो निघाला असेल तिथे पुन्हा लावा, पण सीलच्या ओठाखाली जाऊ देऊ नका. तिथे ग्रीसचा पातळ थर पुरे. आणि उंदरांसाठी केबल एंट्रीची भोकं झाकणाने बंद करा. उंदराला हीटरची ऊब फार आवडते.

हीटर: चोवीस तास म्हणजे चोवीस तास

पावसाळ्यात कोकणातली हवा ओलीच असते. साडेतीन टन लोखंड रात्री थंड होतं आणि सकाळी हवा तापू लागली तरी बराच वेळ थंडच राहतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं, तसंच मोटरच्या आत वाइंडिंगला आणि बेअरिंगला सुटतं. स्पेस हीटरचं काम वाइंडिंग वाळवणं नाही. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा पाच-दहा अंश वर ठेवणं एवढंच त्याचं काम, म्हणजे पाणी सुटायला थंड पृष्ठभागच मिळत नाही.

जोडण्याआधी हीटरची प्लेट वाचा. ११० व्होल्टचा हीटर २३० वर लावला तर तो चौपटीहून जास्त वॅट ओढतो आणि तासाभरात वाइंडिंगशेजारी जळतो. मग मल्टिमीटरने रोध मोजा. हिशोब सोपा आहे, व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. आमच्या मोटरीत १०० वॅटचे दोन हीटर पॅरलल होते, म्हणजे २३० व्होल्टला एकूण २०० वॅट. त्यावरून रोध येतो सुमारे २६५ ओहम. मीटरवर ५३० च्या आसपास दिसलं, तर दोनांपैकी एक तुटलेला आहे. अर्थिंगशीही मेगर करा, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजा, कारण लांब प्रवासात हीटरही ओल धरतो आणि मग ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी सारखा पडतो. लोक ईएलसीबी काढून टाकतात. काढायचा तो नाही, हीटर वाळवायचा.

चालू केल्यावर करंट तपासा. २०० वॅटला ०.८७ अँपिअर यायला हवा. क्लँप मीटरला इतका कमी करंट नीट कळत नाही, म्हणून मी एक लांब वायर घेऊन क्लँपच्या जबड्यातून तिचे दहा वेढे काढतो. मीटर ८.७ दाखवतो, त्याला दहाने भागायचं. पॅनलवरचा लाल दिवा बघून "हीटर चालू" लिहू नका. दिवा फक्त व्होल्टेज आल्याचं सांगतो, हीटर तुटलेला असला तरी तो जळतच राहतो.

आता आमची चूक. हीटरची लाइन स्टोअरच्या दिव्यांच्या बोर्डवरून घेतली होती. स्टोअरकीपर संध्याकाळी साडेसहाला शेड बंद करताना शिस्तीत मेन स्विच खाली करायचा आणि सकाळी नऊला वर करायचा. हीटर दिवसा चालू, रात्री बंद, म्हणजे ज्या वेळी हवा होता नेमका त्याच वेळी नाही. दिवसा तपासणाऱ्याला सगळं ठीक दिसायचं. ही गोष्ट जुलैमध्ये मेगरने उघडी पाडली, ती पुढे येते. तेव्हापासून हीटरला स्वतंत्र एमसीबी, त्यावर "बंद करू नये" ही पाटी, आणि वीज गेली तर लाइन जनरेटरवर, असा माझा नियम आहे. मोटरच्या टर्मिनल बॉक्सवरही पाटी लावा. मेन केबल जोडलेली नाही, म्हणून माणूस मोटर मृत समजून बॉक्स उघडतो आणि हीटरचे २३० व्होल्ट आत वाट बघत असतात.

झाकायची पद्धतही हीटरवर अवलंबून आहे. ताडपत्री घाला, पण खालून हात-दीड हात उघडी ठेवा आणि हीटरच्या जागी ती बॉडीला चिकटू देऊ नका. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून आत हीटर चालू ठेवला, तर आतली ओल आतच फिरते आणि आगीचा धोका वेगळा. कारखान्यातून मोटर सीलबंद पिशवीत, सिलिका जेलसकट आली असेल आणि पिशवी शाबूत असेल, तर मात्र उगाच फाडू नका. ती तशी किती महिने ठेवता येते, हे पॅकिंगच्या कागदावर असतं.

मोटरीत हीटरच नसेल, तर वाइंडिंगमधूनच कमी व्होल्टेजचा करंट सोडून ती कोमट ठेवता येते. पण किती व्होल्ट आणि कोणत्या टर्मिनलला, हे उत्पादकाकडून लेखी घ्या. अंदाजाने केलं तर कोमट ठेवायला निघालेली मोटर भाजून निघते.

शाफ्ट फिरवणे: रोजनिशीत खाचेची जागा लिहा

दर महिन्याला एकदा. पावसाळ्यात किंवा आसपास कंपन असेल तर मी पंधरा दिवसांनी करून घेतो. क्रम असा. लॉक काढायचं. शाफ्टच्या खाचेत बसलेली कपलिंगची किल्ली उडू नये म्हणून शाफ्टवर पक्की टेप गुंडाळायची. मग कापडी पट्ट्याचा स्ट्रॅप रेंच लावून हळूहळू दहा-बारा पूर्ण फेरे द्यायचे. पाइप रेंच शाफ्टला लागता कामा नये. त्याचे दात सीलच्या जागेवर उमटले, तर बेअरिंग वाचवून सील घालवलं असं होतं. या वजनाची मोटर एक माणूस सहज फिरवतो. जड लागली तर जोर लावू नका, लॉक पूर्ण सुटलंय का ते आधी बघा.

हे फेरे ग्रीससाठी असतात, म्हणजे रोलर आणि रिंगमध्ये तेलाचा नवा थर बसावा म्हणून. थांबण्याची जागा मात्र वेगळी निवडायची. इथे एक गोष्ट कमी जणांना माहीत असते: शाफ्ट जेवढा फिरतो तेवढे रोलर पुढे सरकत नाहीत. अशा बेअरिंगमध्ये रोलरांचा पिंजरा शाफ्टच्या साधारण ०.४ पट वेगाने सरकतो. शाफ्ट ९० अंश फिरला, तर रोलर सुमारे ३६ अंशच पुढे जातात. समजा बेअरिंगमध्ये १४ रोलर आहेत, तर दोन रोलरांमधलं अंतर २५.७ अंश. ३६ अंश पुढे गेलेला रोलर शेजाऱ्याची जुनी जागा ओलांडून दहा अंश पुढे थांबतो, म्हणजे नव्या जागी. पण कुणी घाईत शाफ्टला ६०-६५ अंशांचाच हिसका दिला, तर प्रत्येक रोलर शेजाऱ्याच्या जुन्या रेघेवर जाऊन बसतो आणि बाहेरच्या रिंगच्या दृष्टीने काहीच बदललं नाही! म्हणून आधी पूर्ण फेरे, मग मागच्या वेळेपेक्षा पाव फेरा पुढे.

त्यासाठी किल्लीच्या खाचेची जागा घड्याळाप्रमाणे लिहायची. या महिन्यात बारा वाजता, पुढच्या महिन्यात तीन, मग सहा, मग नऊ. एंड शील्डवर खडूने चार खुणा करून ठेवल्या की काम सोपं होतं. फिरवून झाल्यावर, जागा कंपनाची असेल किंवा मोटर लवकरच हलवायची असेल, तर लॉक परत त्याच टॉर्कने लावा.

दुसऱ्या मोटरीच्या रजिस्टरमध्ये चौदा महिने "शाफ्ट फिरवला" असं लिहिलेलं होतं. खाली सही. पण सलग सहा महिन्यांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीतल्या वाटाव्यात इतक्या सारख्या होत्या, आणि खाचेची जागा कुठेच नव्हती. पहिल्या मोटरीला काकांनी स्वतः हात लावला होता. त्यांच्या नोंदीत "खाच ९ वर" असं लिहिलेलं सापडलं. आता माझ्याकडे नुसत्या टिकला किंमत नाही. फोटो लागतो, ज्यात खाच आणि खडूची खूण दोन्ही दिसतात.

ग्रीस

साठवणुकीच्या सुरुवातीला एकदा ग्रीस द्यायचं, शाफ्ट फिरवत-फिरवत आणि खालचा निचऱ्याचा प्लग उघडा ठेवून. कोणतं ग्रीस, ते मोटरच्या ल्युब्रिकेशन प्लेटवर असतं. स्टोअरमध्ये जो डबा उघडा दिसेल तो नाही. लिथियम आणि पॉलियुरिया ही ग्रीस एकमेकांत मिसळली तर पुष्कळदा पातळ होऊन बेअरिंगमधून गळून जातात, आणि बाहेरून कळतही नाही.

प्रमाणही प्लेटवरचं घ्या. प्लेट वाचता येत नसेल, तर बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी गुणिले ०.००५, दोन्ही मापं मिलिमीटरमध्ये, म्हणजे उत्तर ग्रॅममध्ये येतं. आमचं बेअरिंग एनयू ३२२, बाहेरचा व्यास २४० आणि रुंदी ५०, म्हणून ६० ग्रॅम. ग्रीस गनच्या एका दाबाला किती ग्रॅम येतं, ते मी एकदा कँटीनच्या वजनकाट्यावर मोजून घेतलं होतं. दहा दाब प्लास्टिकच्या झाकणावर काढायचे, वजन करायचं, दहाने भागायचं. गनच्या पेटीवर तो आकडा मार्करने लिहून ठेवला की "दोन-चार दाब द्या" ही भाषा बंद होते. त्यानंतर दर महिन्याला ग्रीस भरायची गरज नाही. शाफ्ट फिरवणं पुरतं.

मेगर: आकडा तापमानाशिवाय वाचू नका

मोटर आल्यावर हीटर किमान चोवीस तास चालवून पहिलं रीडिंग घ्या आणि मग दर महिन्याला. ६.६ केव्हीच्या मोटरला २५०० किंवा ५००० व्होल्टचा मेगर लागतो. एका मिनिटाचं आणि दहा मिनिटांचं, अशी दोन रीडिंग घ्यायची. दहा मिनिटांच्या आकड्याला एका मिनिटाच्या आकड्याने भागलं की येतो तो पीआय. सध्याच्या एफ क्लासच्या इन्सुलेशनला तो २ च्या वर हवा. आयईईई ४३ या मानकानुसार अशा फॉर्म-वाउंड वाइंडिंगला ४० अंशांवर किमान १०० मेगाओहम लागतात. चाचणीनंतर वाइंडिंग अर्थ करून, जितका वेळ व्होल्टेज दिलं त्याच्या किमान चौपट वेळ तसंच ठेवा.

वाइंडिंग जितकं थंड, तितका आकडा फुगलेला. दर दहा अंशांना तो साधारण दुप्पट-निमपट होतो. जुलैत आम्हाला १८० मेगाओहम मिळाले आणि पोराने "१०० च्या वर, ओके" लिहिलं. पण त्या वेळी वाइंडिंग २८ अंशांवर होतं. बारा अंशांचा फरक म्हणजे ०.५ चा १.२ घात, ०.४३५. त्याने गुणलं की ४० अंशांवर उरतात फक्त ७८ मेगाओहम, आणि पीआय १.४. मोटर नापास. कारण शोधत गेलो तेव्हा तो संध्याकाळचा मेन स्विच सापडला. लाइन वेगळी करून हीटर अखंड ठेवल्यावर चार दिवसांनी ३६ अंशांना १६०० मिळाले, म्हणजे ४० वर सुमारे १२००, पीआय २.६. वाइंडिंगला काही झालेलं नव्हतं, फक्त ओल धरली होती.

चालू करायच्या आधी

लॉक काढलंय हे दोन माणसांनी बघून सही करा. लॉक लावलेली मोटर चालू करण्याचा किस्सा प्रत्येक साइटवर ऐकायला मिळतो. हीटर बंद करून त्याचा स्विच मोटरच्या ब्रेकरशी असा जोडून घ्या की मोटर चालू असताना हीटर आपोआप बंद राहील. निचऱ्याचा प्लग उघडून ताजं ग्रीस द्या आणि बाहेर पडलेलं जुनं ग्रीस बोटावर घेऊन बघा. दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय, बेअरिंग उघडावं लागेल. मग कपलिंग न जोडता मोटर तासभर चालवा आणि बेअरिंगचं तापमान स्थिर होतंय का ते बघा.

फॉल्स ब्रिनेलिंगचा आवाज सुरुवातीपासून, ठरावीक तालात, खरखरीत येतो आणि ग्रीस भरल्यावर थोडा वेळ दबून परत वर येतो. ग्रीसच्या कमतरतेचा आवाज असता तर तो दबूनच राहिला असता. साठवणूक दोन वर्षांपुढे गेली असेल, तर आवाजाची वाटही बघू नका. बेअरिंग उघडून, धुऊन, रिंगवर नख फिरवून पाहा. नखाला रेघ लागली की बेअरिंग बदलायचं.

स्लीव्ह बेअरिंगची मोटर असेल तर एक नियम उलटा आहे. वाहतुकीआधी त्यातलं तेल काढतात, पण कोरड्या बेअरिंगमध्ये शाफ्ट फिरवला तर आतलं बॅबिट या मऊ धातूचं अस्तर ओरबाडलं जातं. तिथे आधी काचेच्या खुणेपर्यंत तेल, मग फेरे, आणि फिरताना वरच्या खिडकीतून तेलाची रिंग शाफ्टबरोबर फिरतेय ना, ते डोळ्यांनी पाहायचं.